स्टेरॉइडने वाढलेले वजन: गोळीला हात लावण्याआधी

पत्र

माझे वय ५९ आहे. आठ महिन्यांपूर्वी मला पॉलिमायाल्जिया र्‍ह्युमॅटिका हा खांदे आणि कंबर आखडवणारा दाहाचा आजार असल्याचे निदान झाले आणि प्रेड्निसोलोन ही स्टेरॉइडची गोळी रोज १५ मिलिग्रॅम सुरू झाली. एकदा ती ७ पर्यंत उतरवली, तेव्हा खांदे पुन्हा आखडले म्हणून १० वर न्यावी लागली. सध्या ८ वर आहे. शिवाय रात्री प्रेगाबालिन घेते. माझे वजन ६२ वरून ७१ किलो झाले आहे. चेहरा गोल झाला, पोट पुढे आले, पण मांड्या मात्र बारीक झाल्या आहेत. मैत्रिणीने सोळा तासांचा उपवास आणि चरबी कमी करणारी पावडर सुचवली आहे. गोळी आपणच झटपट कमी करून टाकावी, असेही मनात येते. दोन आठवड्यांनी डॉक्टरांची भेट आहे. वजन उतरवण्यासाठी मी काय करू, आणि त्यांना आधी काय विचारू?

उत्तर

नमस्कार.

सर्वांत आधी गोळीविषयी लिहिते, कारण आहारात किंवा व्यायामात काही चुकले तर ते पुढच्या आठवड्यात सुधारता येते, पण गोळीच्या बाबतीतली चूक जिवावर बेतू शकते. मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी रोज कॉर्टिसोल हे संप्रेरक तयार करतात. त्यांचे एका दिवसाचे काम साधारण ४ ते ५ मिलिग्रॅम प्रेड्निसोलोनच्या तोडीचे असते. तुम्ही कित्येक महिने त्याहून जास्त मात्रा बाहेरून घेत आहात, त्यामुळे मेंदूकडून या ग्रंथींना जाणारा आदेश मंदावला आहे आणि त्या जवळजवळ झोपी गेल्या आहेत. गोळी एकदम थांबवली तर त्या दुसऱ्या दिवशी जाग्या होत नाहीत. त्यासाठी कित्येक आठवडे, कधी कधी महिने लागतात. मधल्या काळात शरीरात कॉर्टिसोल पुरेसे नसते, आणि मग विलक्षण थकवा, मळमळ, उलट्या, उभे राहिल्यावर येणारी भोवळ, उतरलेला रक्तदाब असे चित्र दिसते. त्यातच ताप किंवा जुलाब आले तर रुग्णालयात न्यावे लागते.

वजनाच्या हिशेबानेही ही घाई तोट्याचीच ठरते, हे आकड्यांतून पाहा. समजा, डॉक्टरांच्या सल्ल्याने तुम्ही दर चार आठवड्यांनी १ मिलिग्रॅम कमी केली, म्हणजे चार आठवडे ७, चार आठवडे ६ आणि चार आठवडे ५. या बारा आठवड्यांत तुमच्या पोटात एकूण ५०४ मिलिग्रॅम औषध जाईल. आता दुसरी बाजू अशी की तुम्ही आपणच एकदम ४ वर आलात, दोन आठवड्यांत खांदे आखडले, आणि डॉक्टरांना पुन्हा चार आठवडे १५, तीन आठवडे साडेबारा आणि तीन आठवडे १० द्यावी लागली. त्याच बारा आठवड्यांत औषध गेले साधारण ९५० मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ दुप्पट, आणि शेवटी तुम्ही ५ वर नसून १० वर असाल. तुमच्या बाबतीत ७ वर आजार एकदा उसळला आहे, म्हणून ही शक्यता काल्पनिक नाही. स्टेरॉइडमुळे वाढलेले वजन उतरवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग मात्रा कमी होणे हाच आहे, पण ती अशा वेगाने कमी झाली पाहिजे की पुन्हा वाढवावी लागणार नाही.

आता ते नऊ किलो नेमके कशाचे आहेत, याकडे येऊ. काटा एकच आकडा दाखवतो, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: शरीरात साठलेले पाणी, वाढलेली चरबी, आणि घटलेले स्नायू. स्टेरॉइड मीठ आणि पाणी धरून ठेवते, भूक वाढवते, चरबीची जागा बदलून ती चेहरा, मानेचा मागचा भाग आणि पोटाभोवती नेते, आणि त्याच वेळी मांड्या व खांद्यांच्या स्नायूंमधले प्रथिन मोडते. तुम्ही लिहिलेल्या बारीक मांड्यांचा अर्थ मला याच दिशेने लागतो. समजा, साधारण १ किलो पाणी साठले असेल आणि २ किलो स्नायू गेले असतील, तर चरबी ९ नव्हे तर १० किलो वाढलेली असेल. अशा वेळी घाईघाईने उपाशी राहून ५ किलो उतरवले आणि त्यांतले दीड-दोन किलो पुन्हा स्नायूच निघाले, तर काट्यावर समाधान मिळेल, पण जिना चढताना पाय अधिकच थरथरतील. म्हणून तुमचे लक्ष्य नुसते वजन नसून, स्नायू आणि हाडे राखून चरबी कमी करणे हे असले पाहिजे.

यासाठी घरच्या घरी तीन नोंदी ठेवा आणि दोन आठवड्यांनंतर त्या वहीसह डॉक्टरांकडे जा. रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करा, पण एका दिवसाच्या आकड्याकडे न पाहता सात दिवसांची सरासरी पाहा. आठवड्यातून एकदा बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. आणि आठवड्यातून एकदा, हात छातीशी घेऊन, हातांचा आधार न घेता खुर्चीतून ३० सेकंदांत किती वेळा उठता-बसता येते ते मोजा. खुर्ची भिंतीला टेकवलेली असावी आणि तोल जात असेल तर जवळ कुणी उभे असावे. कंबर कमी होत आहे आणि उठाबशांची संख्या तीच आहे किंवा वाढली आहे, याचा अर्थ काम नीट चालले आहे. वजन उतरते आहे पण उठाबशांची संख्याही घटते आहे, याचा अर्थ स्नायू जात आहेत. वजन दोन-तीन दिवसांत २ किलोने वाढले, नडगीवर बोट दाबल्यावर खळगा राहतो, आडवे झाल्यावर धाप लागते, तर ती चरबी नव्हे. दोन-तीन दिवसांत एवढी चरबी साठतच नाही. ते पाणी आहे, आणि त्यासाठी भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.

मांड्यांतली कमजोरी हा तुमच्या भेटीतला पहिला प्रश्न असावा, असे मला वाटते, कारण तिची तीन कारणे संभवतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. मूळ आजार डोके वर काढत असेल तर दुखणे आणि सकाळचा आखडलेपणा प्रामुख्याने असतो, बराच वेळ टिकतो, आणि ईएसआर व सीआरपी हे रक्तातले दाहाचे आकडे बहुधा वाढलेले दिसतात. स्टेरॉइडमुळे स्नायू झिजले असतील तर दुखणे फारसे नसते, ताकद मात्र गेलेली असते: कमोडवरून उठताना हात लावावा लागतो, पायरी चढताना कठडा धरावा लागतो, आणि सीपीके ही स्नायूंची तपासणी सहसा व्यवस्थित येते. तिसरे कारण म्हणजे मात्रा उतरवताना ॲड्रिनल ग्रंथी मागे पडणे; त्यात अंगदुखी, गळून गेल्यासारखे वाटणे आणि भूक मंदावणे असते. पहिल्या कारणात मात्रा कदाचित वाढेल, दुसऱ्यात कमी करण्याकडे कल राहील, आणि तिसऱ्यात कमी करण्याचा वेग मंदावावा लागेल. हा फरक न करता "पाय गळून जातात" एवढेच सांगितले, तर तुमच्या डॉक्टरांचाही गोंधळ होऊ शकतो. म्हणून दुखते की ताकद नाही, सकाळी जास्त की दिवसभर सारखे, हे नेमकेपणाने लिहून न्या.

दुसरा प्रश्न साखरेचा. सकाळी घेतलेल्या प्रेड्निसोलोनचा रक्तातल्या साखरेवरचा परिणाम मुख्यतः दुपारपासून रात्रीपर्यंत दिसतो आणि पहाटेपर्यंत ओसरतो. त्यामुळे उपाशीपोटी केलेली तपासणी अगदी व्यवस्थित येते आणि दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी मात्र साखर बरीच चढलेली असते. "माझी साखर तपासली आहे, ठीक आहे" असे सांगणाऱ्यांपैकी अनेकांची फक्त सकाळची तपासणी झालेली असते. दुपारच्या जेवणानंतरची साखर आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, तपासायला हवी का, हे विचारा. साखरेसाठी औषध सुरू असेल किंवा सुरू होणार असेल तर उपवासाचा सगळा हिशेबच बदलतो, कारण काही गोळ्या आणि इन्सुलिन चालू असताना दीर्घ उपाशी राहिल्यास साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

प्रेगाबालिनबद्दलही विचारा, कारण वजनाचा सगळा दोष स्टेरॉइडच्या माथी मारणे इथे योग्य होणार नाही. प्रेगाबालिनने भूक आणि वजन वाढू शकते, तसेच पावलांवर सूजही येऊ शकते. ती तुम्हाला कशासाठी दिली होती आणि ते कारण अजून उरले आहे का, एवढा साधा प्रश्न पुरे. मूळ आजार आटोक्यात असेल तर कदाचित तिची गरजच संपलेली असेल. मात्र तीही एकदम बंद करायची नसते, हळूहळू उतरवावी लागते. वजन वाढवणारी आणखी काही औषधे असतात, उदाहरणार्थ झोपेसाठी किंवा नैराश्यासाठी दिली जाणारी मिर्टाझापिन आणि ॲमिट्रिप्टिलिन, तसेच रक्तदाबाची काही औषधे. म्हणून घरातल्या सगळ्या गोळ्या, पावडरी आणि काढे एका पिशवीत घालून न्या.

तिसरी गोष्ट, स्टेरॉइडची गरज कमी करणारे औषध जोडता येईल का. तुमचा आजार मात्रा कमी करताना एकदा उलटला आहे, आणि स्टेरॉइडचे दुष्परिणामही ठळक आहेत. अशा रुग्णांत मेथोट्रेक्सेट जोडण्याचा विचार केला जातो. दाह वाढवणारे इंटरल्यूकिन-६ हे प्रथिन रोखणारी इंजेक्शनेही काही जणांना दिली जातात. त्यांचे स्वतःचे धोके आहेत, यकृत, रक्तपेशी आणि संसर्ग यांवर लक्ष ठेवावे लागते, म्हणून ती घ्याच असे मी म्हणणार नाही. पण हा प्रश्न तुम्ही विचारला नाही तर कदाचित तो निघणारच नाही, कारण तपासणीत ईएसआर ठीक दिसला की भेट आटोपते आणि तुमचे नऊ किलो कुणाच्याच कागदावर येत नाहीत.

हाडांविषयी थोडक्यात सांगते. तीन महिन्यांहून जास्त काळ स्टेरॉइड घेणाऱ्याच्या हाडांची झीज होते आणि ती सुरुवातीच्या महिन्यांत सर्वांत वेगवान असते. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडे राखणारे औषध यांपैकी तुमच्यासाठी काय झाले आहे आणि काय राहिले आहे, ते विचारा. वजन कमी होताना हाडांवरचा भारही कमी होतो आणि घनता थोडी घटू शकते, म्हणून हा प्रश्न आहार बदलण्यापूर्वी सुटलेला बरा.

सोळा तासांच्या उपवासाबद्दल माझे मत असे आहे की तुमच्या स्थितीत त्यातून मिळणारा विशेष फायदा मला दिसत नाही आणि अडचणी मात्र दिसतात. प्रेड्निसोलोन सकाळी आणि खाण्याबरोबर घ्यायची असते. जोडीला दुखण्याची गोळी घेत असाल तर रिकाम्या पोटी जठराला इजा होण्याची भीती वाढते. शिवाय स्टेरॉइडची भूक ही इच्छाशक्तीची परीक्षा नव्हे. ती औषधाने मेंदूत निर्माण केलेली भूक आहे, आणि दुपारपर्यंत कोंडलेली भूक संध्याकाळी नेमकी त्याच वेळी सुटते ज्या वेळी तुमची साखर चढलेली असते.

पावडरीच्या बाबतीत मात्र मी स्पष्ट नकार देते. चरबी जाळण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या मिश्रणांत हृदयाची गती आणि रक्तदाब वाढवणारी उत्तेजके असू शकतात, आणि स्टेरॉइडने रक्तदाब आधीच वर ढकललेला असतो. त्यात ज्येष्ठमध असेल तर ते अधिक वाईट, कारण ज्येष्ठमध मोठ्या प्रमाणात घेतल्यास कॉर्टिसोलचा मूत्रपिंडावरचा परिणाम वाढतो, पाणी साठते आणि पोटॅशियम घटते. स्टेरॉइडही तेच करत असते. सांधेदुखीवरच्या काही निनावी पावडरींत तर लेबलावर न लिहिलेले स्टेरॉइडच सापडलेले आहे. तसे काही पूर्वी घेतले असेल तर संकोच न करता डॉक्टरांना सांगा, कारण मग तुमची खरी मात्रा ८ नव्हतीच.

वजनाच्या इंजेक्शनांविषयीही कुणीतरी तुम्हाला सुचवेलच, म्हणून आधीच लिहिते. सेमाग्लुटाइडसारखी औषधे स्टेरॉइडबरोबर काहींना दिली जातात, पण सुरुवातीला मळमळ आणि उलट्या होणे ही त्यांची नेहमीची तक्रार असते. ज्याच्या ॲड्रिनल ग्रंथी झोपलेल्या आहेत त्याला उलटीतून सकाळची गोळी बाहेर पडली तर ती साधी गैरसोय राहत नाही. हा विषय काढायचाच असेल तर त्याबरोबर हेही विचारा की गोळी पोटात टिकली नाही तर किती वेळात पुन्हा घ्यायची, आणि केव्हा स्टेरॉइडच्या इंजेक्शनसाठी रुग्णालयात जायचे. ताप, दातांचे काम किंवा शस्त्रक्रिया असेल तेव्हा मात्रा तात्पुरती किती वाढवायची, हे तर प्रत्येक स्टेरॉइड रुग्णाकडे लेखी असायलाच हवे.

आता आहार. ७१ किलो वजनाच्या, तुमच्या वयाच्या, मध्यम उंचीच्या आणि फारशी धावपळ नसलेल्या स्त्रीला दिवसाला साधारण १७०० किलोकॅलरी पुरतात. त्यातून ३०० ते ३५० कमी करा, त्याहून जास्त नको. एक किलो चरबीत साधारण ७७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात, त्यामुळे ३५० च्या तुटीने कागदावर आठवड्याला ३०० ग्रॅमच्या आसपास वजन उतरायला हवे, म्हणजे बारा आठवड्यांत साडेतीन किलोच्या पुढे. ८ ते ५ मिलिग्रॅमच्या दरम्यान असताना प्रत्यक्षात दोन-तीन किलो उतरले तरी मी ते उत्तम समजेन. कपात करताना प्रथिनांना हात लावू नका. मूत्रपिंडांची तपासणी व्यवस्थित असेल तर दिवसाला सुमारे ७५ ग्रॅम प्रथिने, तीन जेवणांत साधारण सारखी वाटून, हे तुमच्यासाठी योग्य प्रमाण आहे. डाळी, दूध-दही, अंडी, मासे यांतले जे चालते त्यातून ते जमवा. कपात करायची ती साखर, मैदा, तळलेले पदार्थ आणि गोड पेये यांत, आणि विशेषतः दुपारनंतर. मीठ दिवसाला एक सपाट चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत ठेवले तर पाण्याचा भाग बराच आवरतो. दुपारी चारच्या सुमारास उसळणारी भूक ओळखून त्या वेळेसाठी प्रथिनयुक्त खाणे आधीच तयार ठेवा. भूक लागल्यावर शोधायला गेलात तर हाती बिस्किटेच लागतात.

चालणे चांगले आहे, पण मांड्यांचे स्नायू फक्त चालण्याने परत येत नाहीत. आठवड्यातून तीनदा, एक दिवस सोडून, खुर्चीतून उठण्याचे दहा वेळांचे दोन फेरे, भिंतीला हात टेकून केलेले दंड, आणि खुर्चीच्या पाठीला धरून टाचा उचलणे एवढ्यावर सुरुवात करा. शेवटच्या दोन-तीन वेळा कष्टाच्या वाटल्या पाहिजेत, दुखणाऱ्या नव्हेत. डेक्साचा निकाल येईपर्यंत कमरेतून पुढे वाकून वजन उचलणे आणि पाठीचा कणा मुडपून केलेल्या पोटाच्या उठाबशा टाळा, कारण हाडे विरळ असतील तर मणका त्या ताणाने दबू शकतो.

एक इशारा असा की, मात्रा कमी होत असताना नवीन डोकेदुखी, टाळूला स्पर्श सहन न होणे, चावताना जबडा दुखणे, किंवा नजर धूसर अथवा दुहेरी होणे यांपैकी काही घडले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. तुमच्या आजारासोबत डोक्याच्या धमन्यांचा दाह उद्भवू शकतो आणि तो उपचाराविना राहिला तर दृष्टी जाऊ शकते. तिथे वजनाचा विचार बाजूला ठेवून स्टेरॉइडची मोठी मात्रा लगेच घ्यावी लागते.

चेहऱ्याचा गोलपणा बहुतेकांत मात्रा ५ च्या आसपास आल्यावर काही महिन्यांत ओसरू लागतो, आणि तो बहुधा पोटाच्या आधी जातो. म्हणून ५ वर पोहोचेपर्यंत काट्याचा आकडा जवळजवळ स्थिर राहिला, पण खुर्चीतून उठण्याची संख्या आजच्यापेक्षा तीन-चारने वाढलेली असली, तर ठरलेली पद्धत बदलू नका, आणि त्या दिवशीच्या कंबरेची नोंद वहीत वेगळ्या पानावर करून ठेवा. पुढची उतरण तिथून मोजायची आहे.